खटला कुठवर आलाय आणि मिनिटं कुणाची? ट्रू क्राइम मालिका निवडताना

ठाण्याहून वाशीला लोकलने अर्धा तास लागतो. तेवढ्यात चार-पाच ट्रेलर सहज बघून होतात आणि रात्री जेवणं उरकल्यावर काय लावायचं ते ठरून जातं. पण ट्रेलर बघून ट्रू क्राइम मालिका निवडणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघून संसाराचा अंदाज बांधण्यासारखं आहे. त्याच अर्ध्या तासात, त्याच फोनवर दोन गोष्टी शोधता येतात. पहिली, या प्रकरणाचा खटला कुठवर आलाय. दुसरी, मालिका आपली मिनिटं कुणावर खर्च करते. ही दोन उत्तरं हातात आली की मालिका किती सनसनाटी आहे, किती अचूक आहे आणि गेलेल्या माणसाची बूज तिने राखली आहे की नाही, हे बरंचसं उलगडतं.

हा लेख फक्त डॉक्युमेंटरी मालिकांबद्दल आहे. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून येणाऱ्या कथामालिकांत नट बोलतात आणि संवाद लेखकाचे असतात. त्या आवडीने बघा, पण त्यातलं वाक्य पुरावा म्हणून कट्ट्यावर सांगू नका.

नाव आणि पोस्टर

यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. नाव कुणाचं आहे तेवढं बघा: मयत व्यक्तीचं, आरोपीचं, गावाचं, की एखादं टोपणनाव? ‘कसाई’, ‘राक्षस’, ‘शिकारी’ असे शब्द शीर्षकात असतील तर मालिकेने आरोपीला आधीच पात्र बनवून टाकलंय. मृत्यूवर कोटी केलेलं शीर्षक तर आणखी खटकतं. केरळमधल्या सायनाइड प्रकरणावरच्या 2023 च्या माहितीपटाच्या नावात ‘करी’ आणि ‘सायनाइड’ शेजारी बसवलेत. ज्यांच्या घरात ती माणसं जेवता-खाता गेली, त्यांना हे नाव वाचताना काय वाटत असेल याचा विचार करून बघा. तरीही केवळ नावावरून मालिका नाकारू नये. नाव बहुतेक वेळा विक्रीवाले ठरवतात आणि आतलं काम कधीकधी नावापेक्षा बरंच बरं निघतं.

खटला कोणत्या टप्प्यावर आहे?

खरा वेळ इथे द्यायचा. फौजदारी प्रकरण साधारण या क्रमाने पुढे सरकतं: फिर्याद म्हणजे एफआयआर, तपास, दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट, आरोपनिश्चिती, साक्षीपुरावा, निकाल, मग अपील. प्रत्येक टप्प्यावर ‘माहिती’ या शब्दाचा अर्थ बदलतो. चार्जशीट ही पोलिसांची बाजू असते. उलटतपासणी झालेली साक्ष ही तावून-सुलाखून निघालेली गोष्ट. निकाल हे न्यायालयाचं मत, आणि तेही अपिलात उलटू शकतं.

नोएडातल्या आरुषी-हेमराज दुहेरी हत्या प्रकरणात हे लख्ख दिसतं. घटना मे 2008 ची. नोव्हेंबर 2013 मध्ये गाझियाबादच्या विशेष सीबीआय न्यायालयाने आरुषीच्या आई-वडिलांना दोषी ठरवलं. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. 2014 साली कुणी ‘संपूर्ण सत्य’ अशी जाहिरात करून मालिका काढली असती, तर तीन वर्षांत ती नेमकी उलटी ठरली असती. म्हणून मालिका कधी बनली आणि त्या तारखेला खटला कुठे होता, या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून बघायच्या.

टप्पा शोधायची रीत सोपी आहे. फोनवर eCourts Services हे अ‍ॅप घ्या किंवा services.ecourts.gov.in उघडा. त्यात राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा, मग Case Status मध्ये Party Name चा पर्याय घ्या. तिथे नाव, वर्ष आणि Pending किंवा Disposed एवढं भरावं लागतं. खटला सापडला की पुढची तारीख आणि सध्याचा टप्पा दिसतो. प्रत्येक खटल्याला 16 अक्षरांचा CNR क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या खटल्यांचा MH ने सुरू होतो. तो एकदा टिपून ठेवला की पुढच्या वेळी नावाने शोधाशोध करावी लागत नाही. उच्च न्यायालयातल्या अपिलांसाठी hcservices.ecourts.gov.in आहे.

इथे नवखे लोक दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे नावाचं स्पेलिंग. आडनावाची पहिली पाच-सहा अक्षरं टाकून बघावं, कारण ‘चौधरी’ किंवा ‘मुखर्जी’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. दुसरं म्हणजे जिल्हा. घटना ठाण्याची असली तरी तपास सीबीआयकडे गेला असेल तर खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात चालू शकतो, मग कोर्ट नाक्यावरच्या ठाणे जिल्हा न्यायालयाच्या यादीत कितीही शोधलं तरी तो मिळत नाही. मुलांवरच्या आणि लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत नावं झाकलेली असतात. तिथे शोधायचा हट्ट धरू नये, ती सोय मुद्दाम केलेली आहे.

निकाल लागलेला असेल तर तो उघडून बघा. दोनशे पानं वाचायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांच्या निकालपत्रात सुरुवातीच्या पानांतच बहुधा एक तक्ता असतो, डाव्या बाजूला ‘Points’ आणि उजव्या बाजूला ‘Findings’. मृत्यू घातपाती होता का, तो आरोपीने घडवला का, पुरावा नष्ट केला का, असे पाच-सहा मुद्दे आणि समोर होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर. हा तक्ता फोटो काढून जवळ ठेवा. मालिकेचा शेवटचा भाग संपल्यावर तो पुन्हा बघायचा. ज्या मुद्द्यासमोर न्यायालयाने ‘नाही’ लिहिलंय तोच मुद्दा मालिकेने पार्श्वसंगीत लावून ‘होय’ म्हणून दाखवला असेल आणि निकालाचा उल्लेखही केला नसेल, तर ही चूक नजरचुकीची समजू नये. मालिकेने निकालाशी असहमत व्हायला हरकत नाही. पण मग असहमतीचं कारण पडद्यावर सांगितलं पाहिजे.

चार्जशीटबद्दल एक बारीक गोष्ट. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चार्जशीट हा सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकायचा सार्वजनिक दस्तऐवज नाही. म्हणजे मालिकेत चार्जशीटची पानं, पंचनाम्याचे फोटो किंवा फोनवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग दिसलं की ते कुणाकडून तरी आलेलं असतं: तपास अधिकारी, आरोपीचा वकील, नाहीतर नातेवाईक. कुणी दिलं हे कळलं की ते कोणत्या बाजूने दाखवलं जातंय याचाही अंदाज येतो.

कोण बोलतंय, आणि ते कशाच्या जोरावर

अशा मालिकांत निवृत्त पोलीस अधिकारी, गुन्हे वार्ताहर, आरोपीचा वकील आणि शेजारी ही चौकडी ठरलेली असते. यातलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे निवृत्त साहेबांचं ‘त्याने आमच्यासमोर सगळं कबूल केलं’. भारतात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये हे होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली असेल, तर तेवढा शोधाशी निगडित भाग ग्राह्य धरता येतो. पट्टीच्या मालिका इथे थांबून सांगतात की हा जबाब कोर्टात टिकला की नाही. बाकीच्या तो जबाब नटाच्या खर्जातल्या आवाजात वाचून दाखवतात.

नार्को चाचणीच्या चित्रफितींचंही तसंच. गुंगीतला माणूस काहीतरी पुटपुटतो आणि बघणाऱ्याला वाटतं हेच खरं. 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही असं ठरवलं, आणि संमतीने केलेल्या चाचणीतली उत्तरंही आपण होऊन पुरावा ठरत नाहीत. अशी फीत मालिकेत आली आणि सोबत हा खुलासा नसेल, तर अचूकतेच्या रकान्यात सरळ फुली मारा.

पहिला भाग वही घेऊन

आता दुसरा प्रश्न, मिनिटं कुणाची. एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा: मयत आणि तिचे-त्याचे लोक, आरोपी आणि त्याची बाजू, तपास आणि कोर्ट. पहिला भाग लावा आणि दर वेळी विषय बदलला की पडद्यावरची वेळ टिपा. 45 मिनिटांच्या भागाला साधारण 25 ते 30 नोंदी होतात. एकदाच करायचं काम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालिकेपासून वही लागत नाही, नजर बसते.

मयत व्यक्तीच्या रकान्यात काय धरायचं यात गफलत होते. प्रेताचे, रक्ताचे, घटनास्थळाचे फोटो तिथे मोजायचे नाहीत. ते गुन्ह्याचं चित्रण आहे. तिचं कॉलेज, नोकरी, स्वभाव, तिला काय आवडायचं, ती गेल्यावर घरात काय झालं, हे मोजायचं. पहिल्या भागात या रकान्यात पाच मिनिटंही भरत नसतील, तर ती व्यक्ती मालिकेत केवळ निमित्त आहे. आमचा ठोकताळा असा की एक दशमांशापेक्षा कमी वेळ असेल तर दुसरा भाग लावण्याआधी थांबून विचार करावा. याला अपवाद आहे: नातेवाईकांनी बोलायला नकार दिला असेल तर हा रकाना रिकामाच राहणार. अशा वेळी मालिकेने निदान ‘कुटुंबाने सहभाग नाकारला’ अशी पाटी दाखवली का ते बघा, आणि नकार दिल्यानंतरही त्यांच्या घराचं दार, इमारतीची पाटी, लग्नाचे जुने व्हिडिओ वापरलेत का तेही. नकार देणाऱ्याची गॅलरी चित्रित करायला ड्रोन लागत नाही, समोरच्या विंगचा जिना पुरतो. नवी मुंबईच्या सिडको वसाहतींत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूचं एक उदाहरण 2018 सालच्या दिल्लीतल्या बुराडी प्रकरणाचं. एकाच घरातली 11 माणसं गेली तेव्हा वाहिन्यांनी घराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या 11 पाइपांवरून तासन्‌तास चर्चा केली. 2021 मध्ये या प्रकरणावर तीन भागांची मालिका आली. तिच्यात शेजारी, मित्र, नातेवाईक आणि मानसोपचाराच्या क्षेत्रातली माणसं बोलतात, आणि वाहिन्यांच्या त्या गोंधळाकडेही ती वळून बघते. मृत्यूची दृश्यं तिच्यातही आहेत, आणि ती पुन्हा पुन्हा येतात असं कुणी म्हटलं तर खोडून काढता येणार नाही. पण वहीतला पहिला रकाना भरतो.

कात्री कुठे चालली ते कसं ओळखायचं

‘द जिंक्स’ या 2015 च्या अमेरिकी मालिकेचा शेवट जगभर गाजला. आरोपी रॉबर्ट डर्स्ट स्वच्छतागृहात एकटाच बडबडतो, अंगावरचा माइक चालू राहिलेला, आणि शेवटी ऐकू येतं: मी काय केलं हे? सगळ्यांना मारलं, अर्थातच. 2019 मध्ये खटल्याच्या निमित्ताने पूर्ण रेकॉर्डिंगचा उतारा समोर आला तेव्हा कळलं की ही दोन वाक्यं सलग नव्हतीच. ‘मारलं’ हे वाक्य आधी होतं, मग मध्ये बरीच वेगळी, काही न कळणारी बडबड, आणि ‘मी काय केलं’ शेवटी. प्रश्न आणि उत्तर अशी जोडी संकलनाच्या टेबलावर बनली होती. डर्स्ट 2021 मध्ये एका खुनात दोषी ठरला. म्हणून ती कापाकापी खरी ठरते असं नाही. माणूस दोषी असणं आणि दाखवलेलं वाक्य तसंच बोललं गेलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरबसल्या हे ओळखायला हेडफोन लावा. बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावरून गेला, त्या जागी रस्ता, झाडं किंवा जुना फोटो आला आणि आवाज मात्र चालूच राहिला, तर कान द्या. वाक्याच्या मधोमध पंख्याची घरघर किंवा खोलीचा घुमारा एकदम बदलला, श्वास मध्येच तुटला, तर तिथे दोन तुकडे जोडलेत. प्रत्येक जोड फसवा नसतो. लांबलचक ‘म्हणजे... ते काय झालं...’ कापणं हे संकलकाचं रोजचं काम आहे. संशय तेव्हा घ्यायचा जेव्हा जोड नेमका कबुलीच्या, आरोपाच्या किंवा रडण्याच्या जागी असतो.

नाट्यरूपांतरासाठी वेगळी कसोटी. हात, सावली, पाठमोरी बाई एवढंच दाखवून जागा समजावून दिली तर ठीक. पण त्या दृश्यात खून कसा झाला हे ठामपणे दाखवलंय आणि तो प्रसंग कुणी पाहिलेलाच नव्हता, तर ते एका बाजूचं म्हणणं झालं, आणि पडद्यावर तसं लिहिलेलं हवं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नीलेश नवलखा प्रकरणात, तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावं याची यादी दिली. घटनास्थळ उभं करून आरोपीने गुन्हा कसा केला हे दाखवणं तिच्यात आहे. पोलिसांसमोरचा कथित कबुलीजबाब छापणं आणि आरोपी किंवा पीडित व्यक्तीच्या चारित्र्यावर घसरणं हेही आहे. ती यादी वृत्तमाध्यमांसाठी होती. प्रेक्षक म्हणून तुम्हाला ती आयती कसोटी म्हणून वापरायला कुणाची ना नाही.

ओळख आणि संमती

बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हयात, सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. 2018 च्या निपुण सक्सेना निकालाने हे आणखी घट्ट केलं: पीडिता मरण पावली असली तरी, आणि नातेवाईक ‘हो’ म्हणाले तरी, सक्षम अधिकाऱ्याच्या म्हणजे सत्र न्यायाधीशांच्या निर्णयाशिवाय नाव उघड करता येत नाही. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम 23 नाव आणि चेहऱ्याबरोबर पत्ता, शाळा, कुटुंब आणि शेजारही झाकायला सांगतं.

म्हणून चेहरा धूसर केला आणि मागे शाळेच्या गणवेशाचा रंग, सोसायटीची कमान किंवा बसथांब्याची पाटी स्पष्ट दिसली, तर झाकणं नावापुरतं झालं. आपल्याकडे घणसोलीच्या एखाद्या सेक्टरची कमान दिसली तरी तिथल्या लोकांना घर कळतं. ट्रू क्राइम बघताना ही एक सवय लावून घ्या: धूसर चेहरा दिसला की क्षणभर थांबवून चौकटीचे चारही कोपरे बघायचे.

नागपूरच्या अक्कू यादव प्रकरणावरची 2022 ची तीन भागांची मालिका इथे अभ्यासण्यासारखी आहे. अक्कू हा वस्तीतल्या बायकांवर बलात्कार केल्याचे आरोप असलेला गुंड. 13 ऑगस्ट 2004 ला न्यायालयाच्या खोलीतच जमावाने त्याला मारलं, आणि 2014 मध्ये या हत्येच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मालिकेत कस्तुरबा नगरातल्या बाया स्वतः, उघड्या चेहऱ्याने बोलतात. तुम्ही एवढंच बघायचं: बोलणारी बाई स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या क्रमाने सांगतेय का, की प्रश्न विचारणारा तिला पुन्हा पुन्हा अत्याचाराच्या त्या एकाच प्रसंगाकडे ढकलतोय? तिला गप्प बसायची मुभा दिली का? कॅमेरा रडण्यावर किती सेकंद रेंगाळला? दहा सेकंदांच्या पुढे गेला आणि तोवर ती एक शब्दही बोलली नसेल, तर ते दृश्य तिच्यासाठी ठेवलेलं नाही.

एक प्रकरण हातात घेऊन

शीना बोरा प्रकरण आपल्यापासून लांबचं नाही. एप्रिल 2012 मध्ये तिचा खून झाला असा अभियोग पक्षाचा आरोप आहे, मे 2012 मध्ये पेण तालुक्यात मानवी अवशेष सापडले, आणि ऑगस्ट 2015 मध्ये अटकांनंतर प्रकरण बाहेर आलं. तपास पुढे सीबीआयकडे गेला. आरोपींपैकी एक, गाडीचा चालक, माफीचा साक्षीदार झाला. मुख्य आरोपी म्हणून खटला चाललेल्या इंद्राणी मुखर्जी, म्हणजे शीनाची आई, यांना मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. त्यांनी आरोप कायम नाकारले आहेत.

यावर चार भागांची मालिका फेब्रुवारी 2024 मध्ये यायची होती. आता वरची पद्धत लावू.

नाव: ‘द इंद्राणी मुखर्जी स्टोरी: बरीड ट्रुथ’. शीर्षकात आरोपीचं पूर्ण नाव आहे, जिचा मृत्यू झाला तिचं नाही. आणि जिचे अवशेष जमिनीतून काढले त्या प्रकरणासाठी ‘पुरलेलं सत्य’ ही शब्दयोजना. दोन्ही खुणा वहीत जातात.

टप्पा: मालिका आली तेव्हा मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षीपुरावा चालू होता. सीबीआयने आधी विशेष न्यायालयात आणि मग उच्च न्यायालयात धाव घेतली, प्रसारण थांबवा म्हणून. उच्च न्यायालयाने प्रसारण काही दिवस लांबवून मालिका आधी बघितली, आणि 29 फेब्रुवारीला सीबीआयची याचिका फेटाळली. खटल्याला बाधा येईल असं त्यात काही आढळलं नाही, असा त्याचा रोख. त्याच दिवशी मालिका सुरू झाली.

बरेच जण इथे गल्लत करतात. ‘कोर्टाने पास केली’ म्हणजे मालिका चांगली, असं कट्ट्यावर म्हटलं जातं. न्यायालयापुढे प्रश्न एकच होता: खटल्याचं नुकसान होतंय का? शीनाला न्याय्य वागणूक मिळाली का, संपादन प्रामाणिक आहे का, हे न्यायालयाला कुणी विचारलंच नव्हतं. तो भाग तुमच्या वहीचा.

माणसं: मालिकेत आरोपी स्वतः सविस्तर बोलते. 2023 मध्ये तिचं आत्मकथनही आलं होतं, म्हणजे ती आपली बाजू मांडायला सरावलेली आहे. यात गैर काही नाही, आरोपीला बोलायचा हक्क आहे. पण तिच्या प्रत्येक विधानासमोर वहीत छोटी खूण करा: याला उत्तर देणारं कुणी पडद्यावर आलं का? ज्या साक्षीदारांची साक्ष अजून व्हायची आहे ते बहुधा शहाणपणाने गप्प असतात, तपास यंत्रणा बोलत नाही. त्यामुळे खटला चालू असताना काढलेल्या मालिकेत जामिनावर बाहेर असलेली, बोलायला मोकळी व्यक्ती आपोआप जास्त जागा घेते. दिग्दर्शकाने काही वाकडं केलं नाही तरी तराजू कलतो. चालू खटल्यावरच्या मालिकेचा हा अंगभूत दोष आहे, आणि पहिला रकाना मोजताना तो ध्यानात ठेवायचा.

मग बघायची की नाही? आमचं मत असं: बघा, पण निकाल लागेपर्यंत ‘आरोपीची बाजू’ या फायलीत ठेवा. निकाल आल्यावर त्यातला Findings चा तक्ता घेऊन तिसरा आणि चौथा भाग पुन्हा बघा. वेळ नसेल तर निकालानंतरच बघा, काही बिघडत नाही. एक मात्र नको: पनवेलहून तासाभरात पोचतो म्हणून पेणला ‘ती जागा’ शोधत जायचं आणि रील काढायचं. त्या गावातल्या लोकांनी मे 2012 मध्ये जे पाहिलं ते त्यांच्यासाठी अजून बातमी झालेलं नाही.

बंद करायची वेळ आणि तक्रार

पहिल्या भागात मयत व्यक्तीचा रकाना रिकामा, नकाराची पाटी नाही, कबुलीजबाब खुलाशाशिवाय, आणि झाकलेल्या व्यक्तीची ओळख मागच्या पाटीवरून कळतेय, यांपैकी शेवटची एक गोष्ट जरी असली तरी तिथेच बंद करा. बाकीच्या तिन्ही एकत्र आल्या तरी बंद करा. तुकडे फॉरवर्ड करू नका, कारण ओळख फोडणारं दृश्य पुढे पाठवणं म्हणजे ती ओळख आणखी दहा घरांत नेणं.

तक्रार करायची तर ‘मालिका वाईट आहे’ असं लिहून उपयोग होत नाही. 2021 च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक ओटीटी कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि ईमेल अ‍ॅपच्या किंवा संकेतस्थळाच्या तळाशी Grievance या शब्दाखाली मिळतं. मजकूर असा चालतो: ‘भाग 2, 23 मिनिटं 40 सेकंद ते 23 मिनिटं 52 सेकंद. अल्पवयीन पीडितेचा चेहरा धूसर आहे, पण मागे शाळेचं नाव वाचता येतं. पोक्सो कलम 23 प्रमाणे हा भाग झाकावा.’ सोबत पडद्याचा फोटो जोडू नका, वेळ पुरेशी आहे. फोटो जोडला तर ती ओळख तुमच्याच ईमेलमधून फिरेल. कंपनीने 15 दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ती कंपनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जायचं, आणि त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. पहिल्या ईमेलची तारीख आणि तो मजकूर जपून ठेवा, पुढच्या दोन्ही पायऱ्यांवर सगळ्यात आधी तोच मागतात.